मे महिन्याच्या डबाबंद आमरसाच्या भागीदारीबाबत

कुडाळ
दि. 14 ऑक्टोबर 2025

आदरणीय विनायककाका,
सादर नमस्कार.

सप्टेंबरअखेरीस आपण स्वतः इथे येऊन गेलात, मागाहून सविस्तर प्रस्तावही पाठवलात. तो आम्ही तिघांनी, म्हणजे मी आणि दोन्ही दिरांनी, आकडेमोडीसकट दोनदा वाचला. पल्पर आणि सीमरची ऑर्डर आपल्याला दिवाळीनंतर लगेच द्यायची आहे, त्यामुळे उत्तर रेंगाळत ठेवणं बरं नाही. ही भागीदारी आम्हाला स्वीकारता येणार नाही. कारण एकच: आपला आंबा आणि आमचे रातांबे एकाच पाच-सहा आठवड्यांत येतात, आणि त्या आठवड्यांत आमच्याकडे ना रिकामे हात असतात, ना रिकामी जागा.

आपल्या अटींबद्दल आमची काहीच तक्रार नाही. यंत्रांचे बारा लाख आपले, शेड, बॉयलर आणि माणसं आमची, नफा निम्मा-निम्मा, ही वाटणी रास्त आहे. हिशोब महिन्याच्या महिन्याला दाखवण्याचं कलम आपण आपणहून घातलंत, तेही आवडलं. म्हणून कारण मोघम न ठेवता आकड्यांत मांडते, म्हणजे पुढची आखणी करताना आपल्यालाही उपयोगी पडेल.

आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत साधारण 18 टन रातांबे येतात. चाळीस दिवस धरले तर दिवसाला साडेचारशे किलो. पिकलेला रातांबा ढिगात फार तर दोन दिवस दम धरतो, नंतर खालचे फुटून पाणी सुटतं आणि आंबूस वास येऊ लागतो. म्हणजे आलेला माल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोडावाच लागतो. फोडणं, बिया-गर वेगळा करणं, साली निवडणं हे सगळं हातानं होतं. त्यासाठी दहा बायका सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच बसतात, आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून त्यापुढे थांबत नाहीत.

आमसुलांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. साली सुटलेल्या रसात बुडवायच्या, खळ्यात मांडायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात घालायच्या आणि सकाळी परत उन्हात. अशी तीन-चार पुटं बसली की रंग काळपट लाल येतो आणि साल चिवट राहते. एक पूट चुकलं तर आमसूल फिकं आणि खडखडीत होतं, व्यापारी ते हातात घेताच बाजूला टाकतो. दहा किलो रातांब्यांतून हाती येतं साधारण किलोभर आमसूल. एक लॉट पाच दिवस जागा अडवतो, म्हणजे कुठल्याही दिवशी खळ्यात पाच दिवसांचा माल पसरलेला असतो. आपण शेडच्या पूर्वेकडच्या ज्या ‘मोकळ्या’ जागेबद्दल लिहिलंय ती सप्टेंबरात मोकळी दिसते खरी. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की चटया उचलून त्याच जागेत आणतो.

शिवाय आगळ आहे. मीठ घातलेल्या रसाची पिंपं रोज ढवळायची असतात. अमृत कोकमाचं तर वेगळंच: सालींच्या दुप्पट साखर, थरावर थर, आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत बरण्या उन्हात. पाऊस केरळात पोचल्याची बातमी आली की आमच्याकडे उलटमोजणी सुरू होते, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो इथे पोचतो आणि त्यानंतर वाळवण नाही.

आता आपला आंबा. प्रस्तावात 1 मे ते 5 जून या काळात 40 टन कॅनिंगचा हापूस धरलाय. सुट्ट्या आणि खंड सोडून तीस दिवस धरले तर रोज सव्वा ते दीड टन. साल-बाठ जाऊन निम्मा रस धरला तरी टनामागे पाचशे किलो, म्हणजे 850 ग्रॅमचे सुमारे 580 डबे. दिवसाला साडेसातशे ते साडेआठशे डबे भरायचे तर धुणं, सोलणं, बाठ काढणं, गाळणं, भरणं, सील करणं, उकळत्या पाण्यात ठेवणं आणि थंड करणं, यासाठी मला चौदा माणसांपेक्षा कमी चालणार नाहीत. हापूसला साक्याची भीती असल्यामुळे प्रत्येक फळ कापून बघावं लागतं, ते काम यंत्र करत नाही. साक्याचा पांढरा, आंबट गर थोडा जरी आत गेला तर अख्ख्या घाण्याची चव बिघडते.

पिकलेला आंबाही थांबत नाही. अढीतून काढल्यावर एक-दोन दिवसांत रस काढला नाही तर देठाकडून काळा पडायला लागतो. त्याला शीतगृहात टाकून आमची मोकळीक होईपर्यंत थांबू, असं आपण सुचवलंत. पण हापूस बारा-तेरा अंशांच्या खाली नेला की सालीवर डाग पडतात आणि नंतर तो नीट पिकत नाही. त्याहून वरच्या तापमानात ठेवला तर पिकणं थोडं लांबतं, महिनाभर थांबत नाही. आणि आमची मोकळीक होते जूनच्या मध्यावर. तोपर्यंत बागेत आंबा कुठला?

दुसरा मार्ग आपण रात्रपाळीचा सांगितलात. रात्री आंबा, दिवसा कोकम. कागदावर ते बसतं. प्रत्यक्षात आमसुलांना रसाचं पूट द्यायचं काम संध्याकाळी सहा ते नऊ चालतं, सकाळी सहाला चटया मांडल्या जातात, आणि दोन्हींवर देखरेख करणारी माणसं तीनच आहेत. मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर वीज जाते. अशा वेळी आमसूल दोन तास थांबेल, पण पल्परमधला आंब्याचा रस थांबत नाही. 85-90 अंशांपर्यंत गरम करून तो लगेच डब्यात जायला हवा, नाहीतर काळवंडतो आणि आंबायला लागतो. जनरेटर ठेवला तरी तो चालवणारा माणूस जागा हवा. बाहेरून मजूर आणता येतील हे खरं, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणारे डोळे आमचेच, आणि ते तेव्हा रातांब्यांत अडकलेले असतात.

राहता राहिली दुसरी शेड. ती बांधली तरी प्रश्न जागेपुरताच सुटतो. हात आणि लक्ष यांचा प्रश्न तिथेच राहतो, म्हणून तोही मार्ग आम्ही सोडून दिला.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण आपल्याला शंका येऊ शकते. कोकमाचा रंग किंवा खारट वास आंब्याला लागेल ही आमची अडचण नाही. भांडी, टेबलं, गाळण्या वेगळ्या ठेवल्या की ते सांभाळता येतं. पैशाची किंवा विश्वासाची तर नाहीच नाही. आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ असंही मी लिहिणार नाही. रातांबे आणि हापूस पुढच्या वर्षीही मे महिन्यातच पिकणार. आमची वाट बघण्यात आपला एक हंगाम जाऊ नये.

आमचं प्रांजळ मत विचाराल तर ही यंत्रं देवगडला आपल्या पॅकहाऊसलाच बसवावीत. पिकलेलं फळ क्रेटमध्ये भरून टेम्पोनं इथे आणलं तर तळचा थर दबतोच, आणि कॅनिंगच्या दरात तो तोटा परवडत नाही. पॅकहाऊसला पाणी आणि फरशी आहेच. बॉयलरऐवजी सुरुवातीला गॅसवरचं वाफेचं भांडं आणि डबे उकळण्याची मोठी टाकी एवढ्यावर दिवसाला तीनशे डबे सहज निघतील. पहिल्या वर्षी तेवढंच करावं. चाळीस टनांचा आकडा पहिल्या हंगामासाठी मला धाडसाचा वाटतो.

बॉयलरवर आणि भरणीवर बसणारा आमचा माणूस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस आपल्याकडे पाठवायला आम्ही तयार आहोत, रातांबे सुरू व्हायच्या आत. त्याची मजुरी आपण द्यावी, बाकी काही नको. तेव्हा बाजारात जो आंबा असेल त्यावर एक चाचणी घाणा काढून घ्या, म्हणजे एप्रिलअखेर पहिला खरा घाणा लागेल तेव्हा हात बसलेला असेल.

आपण नमुन्याला ठेवून गेलेल्या सहा डब्यांपैकी एक फोडला. रस अप्रतिम, गोडी 17 ब्रिक्स भरली, रेषा नाहीत. रंग मात्र कडेला किंचित मातकट वाटला. बहुधा डबे उकळत्या पाण्यातून काढल्यावर हवेतच थंड होऊ दिले असावेत. ते लगेच गार पाण्यात टाकून हाताला कोमट लागतील इथपर्यंत उतरवले तर रंग टिकतो. मात्र गार पाणी स्वच्छ आणि क्लोरीन घातलेलं हवं, कारण डबा थंड होताना सीलमधून थेंबभर पाणी आत ओढलं जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या एका डब्याला उभ्या सांध्याजवळ, झाकणाच्या दुमडीखाली, रसाचा वाळलेला पिवळा ओघळ होता, मुगाच्या दाण्याएवढा. तो डबा फोडला नाही, वेगळी खूण करून परत पाठवते आहे. ज्यांच्या सीमरवर हे डबे काढलेत त्यांना तो दाखवा आणि दुसऱ्या रोलरचा दाब तपासायला सांगा. स्वतःचा सीमर घेताना जुना मिळतोय म्हणून घेऊ नका. बाकी कुठेही काटकसर करा, तिथे नको.

प्रस्तावाची मूळ प्रत, शेडचा आराखडा आणि उरलेले पाच डबे उद्या कणकवलीला जाणाऱ्या आमच्या गाडीतून पाठवते. तिथून आपल्या मुलाने घेऊन जावेत, त्याच्याशी फोनवर बोलणं झालंय. आपण दिलेले दर आणि गिऱ्हाइकांची माहिती आमच्याकडून कुठेही जाणार नाही. प्रत काढून ठेवलेली नाही.

आपलं डबाबंदीचं काम सुरू झालं की पहिल्या घाण्यातले शंभर डबे आमच्या दुकानासाठी धरून ठेवा. दर आपण ठरवाल तो, पैसे माल मिळताच. पर्यटक आमसूल न्यायला येतात तेव्हा आमरस आहे का म्हणून हमखास विचारतात, आणि सध्या आम्ही मान हलवतो.

काकींना नमस्कार. दिवाळीत फराळाला येणार होतात, ते मात्र रद्द करू नका.

आपली नम्र,
सुलभा
आणि दोन्ही दीर