कोणतं बंधन सक्रिय? दोन चलांचं एक उदाहरण, शेवटपर्यंत सोडवून

परवाच्या चाचणीतल्या तिसऱ्या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त वह्यांमध्ये एकच चुकीचं उत्तर होतं, आणि तेही एकाच वाटेनं आलेलं. त्यामुळे तोच प्रश्न इथे पूर्ण सोडवतो. प्रश्न असा होता:

f(x, y) = (x − 6)² + (y − 1)² ची किमान किंमत काढा, जर

g1: x + y − 4 ≤ 0
g2: x + 3y − 6 ≤ 0
g3: −y ≤ 0
g4: −x ≤ 0

चारही बंधनं "≤ 0" या एकाच रूपात लिहून घेतली आहेत. ही सवय लावून घ्या. चिन्हांचे निम्मे घोटाळे इथेच मिटतात.

वह्यांमधली वाट अशी: बंधनं नसती तर किमान बिंदू (6, 1). तो g1 मोडतो, कारण 7 > 4. g2 सुद्धा मोडतो, कारण 9 > 6. g3 आणि g4 पाळतो. मग "मोडलेली बंधनं तीच सक्रिय" असं धरून g1 आणि g2 समीकरणं म्हणून सोडवली, बिंदू आला (3, 1), f = 9. खाली दोन रेघा, उत्तर संपलं.

बरोबर उत्तर आहे (4, 0), आणि तिथे f = 5. तिथे सक्रिय आहेत g1 आणि g3. म्हणजे मुक्त बिंदूनं मोडलेलं g2 उत्तराच्या जागी सैल पडलं, आणि त्यानं व्यवस्थित पाळलेलं g3 घट्ट बसलं. उदाहरण मुद्दामच तसं निवडलं होतं, हे कबूल करतो.

आता किमान बिंदूच्या आवश्यक अटी. ग्राह्य प्रदेशातल्या एखाद्या बिंदूवर किमान किंमत असेल, तर तिथून अशी एकही दिशा निघता कामा नये, जी आपल्याला प्रदेशातही ठेवते आणि f सुद्धा कमी करते. f सर्वांत वेगानं उतरतं ती दिशा −∇f. तिकडे जायला काहीतरी अडवत असेल, तर अडवणारी फक्त सक्रिय बंधनंच असू शकतात, म्हणजे त्या बिंदूवर ज्यांची किंमत नेमकी शून्य आहे ती. लांबच्या भिंतीला आपण टेकत नाही. प्रत्येक भिंत ∇g या दिशेनं बाहेर जाऊ देत नाही. म्हणून −∇f हा सक्रिय बंधनांच्या ग्रेडियंटांच्या ऋण नसलेल्या पटींची बेरीज असावा लागतो. हेच सूत्रात:

∇f + λ1∇g1 + λ2∇g2 + λ3∇g3 + λ4∇g4 = 0
प्रत्येक gi ≤ 0
प्रत्येक λi ≥ 0
प्रत्येक i साठी λi·gi = 0

शेवटची ओळ म्हणजे पूरक शिथिलतेची अट: बंधन सैल असेल तर त्याचा गुणक शून्य. या अटींना कारुश, कुन आणि टकर यांची नावं आहेत. कुन आणि टकर यांचा लेख १९५१चा. विल्यम कारुशनं त्या अटी १९३९ मध्येच शिकागो विद्यापीठातल्या मास्टर्सच्या प्रबंधात मांडल्या होत्या, पण तो प्रबंध छापला गेला नाही आणि त्याचं नाव बऱ्याच उशिरा जोडलं गेलं.

आपल्या प्रश्नात पहिली ओळ उघडली की दोन समीकरणं मिळतात:

2(x − 6) + λ1 + λ2 − λ4 = 0
2(y − 1) + λ1 + 3λ2 − λ3 = 0

चार बंधनं, प्रत्येक सक्रिय किंवा सैल, म्हणजे १६ शक्यता. सगळ्या तपासायला बसू नका. आधी सर्वांत स्वस्तात काय कटतं ते बघा.

x = 0 धरा. पहिल्या समीकरणातून λ1 + λ2 = 12 + λ4, म्हणजे g1 आणि g2 यांपैकी निदान एक सक्रिय हवं. x = 0 वर g1 सक्रिय म्हणजे y = 4, आणि तिथे g2 मोडतं (12 > 6). मग उरलं g2: y = 2. तिथे g3 सैल, g1 ही सैल, म्हणून λ3 = λ1 = 0, आणि दुसरं समीकरण देतं 2 + 3λ2 = 0. λ2 ऋण आला. म्हणजे x = 0 कुठेच नाही, λ4 = 0, आणि सोळातल्या आठ शक्यता दोन ओळींत गेल्या. हा भाग वह्यांमध्ये कुणीच केला नव्हता. इथेच सर्वांत जास्त वेळ वाचतो.

आता उरलेल्या.

एकही सक्रिय नाही: (6, 1). ग्राह्य नाही, हे आधीच पाहिलं.

फक्त g1: x − 6 = y − 1 आणि x + y = 4. उत्तर x = 4.5, y = −0.5, λ1 = 3. गुणक धन आहे, पण y ऋण. g3 मोडलं, म्हणून बाद. तरी हा बिंदू लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

फक्त g2: (6, 1) पासून (1, 3) च्या उलट दिशेनं सरळ g2 वर उतरलं की (5.7, 0.1) मिळतो, λ2 = 0.6. इथे x + y = 5.8. g1 मोडलं.

फक्त g3: y = 0, x = 6, λ3 = −2. गुणकही ऋण आणि बिंदूही बाहेर.

g2 आणि g3: छेदबिंदू तोच (6, 0), g1 च्या बाहेर. g1, g2 आणि g3 तिन्ही एकाच बिंदूत मिळत नाहीत.

राहिल्या दोन. त्यांच्यावर थांबू या.

g1 आणि g2: (3, 1). हा बिंदू पूर्ण ग्राह्य आहे, म्हणूनच तो फसवतो. ∇f = (−6, 0), म्हणून

λ1 + λ2 = 6
λ1 + 3λ2 = 0

λ2 = −3, λ1 = 9. ऋण गुणक दिसला की "बाद" असं लिहून पुढे पळू नका, तो काय सांगतोय ते ऐका. तो म्हणतोय, "g2 ला सोडा, आत सरका." g1 च्या रेषेवर राहून (1, −1) या दिशेनं निघा. g2 चा ग्रेडियंट (1, 3), त्याचा या दिशेशी गुणाकार 1 − 3 = −2, म्हणजे आपण g2 च्या आत जातोय. ∇f शी गुणाकार −6, म्हणजे f उतरतंय. बिंदू (3 + t, 1 − t) वर

f = (t − 3)² + t²

t = 1.5 पर्यंत हे कमी होत जातं. t = 1.5 म्हणजे मघाचा (4.5, −0.5). पण तिथे पोहोचण्याआधी t = 1 ला y शून्य होतं आणि g3 आडवं येतं. g3 सक्रिय कसं झालं याचं कारण नेमकं एवढंच.

g1 आणि g3: (4, 0). ∇f = (−4, −2).

−4 + λ1 = 0, म्हणून λ1 = 4
−2 + 4 − λ3 = 0, म्हणून λ3 = 2

दोन्ही धन. g2 = 4 − 6 = −2, सैल. g4 = −4, सैल. सगळ्या अटी पाळल्या. चित्रात पाहा: −∇f = (4, 2), आणि तो 4·(1, 1) + 2·(0, −1) आहे. दोन भिंतींच्या कोपऱ्यात तो बरोबर मध्ये अडकलाय.

गुणकांची किंमत वाया घालवू नका. g1 मधला 4 वाढवून 4.1 केला, तर उत्तर (4.1, 0) होतं, f = 3.61 + 1 = 4.61. घट 0.39, म्हणजे λ1 × 0.1 च्या जवळपास. g3 सैल करून y ≥ −0.1 केलं तर बिंदू (4.1, −0.1), f = 4.82, घट 0.18, अंदाज 0.2 चा होता. g2 मधला 6 बदलून 6.1 करा: काहीच हलत नाही. λ2 = 0 चा अर्थ तोच.

तासाला एकीनं विचारलं होतं, "सर, गुणक शून्य असला की बंधन सैलच ना?" नाही. उलट वाट बंद आहे. याच प्रश्नात (6, 1) ऐवजी मुक्त बिंदू (5, 1) घ्या. उत्तर पुन्हा (4, 0), ∇f = (−2, −2), म्हणून λ1 = 2 आणि λ3 = 0. g3 ची किंमत शून्य आहे, म्हणजे ते सक्रियच. पण जोर लावत नाही, नुसतं चिकटलंय. λ·g = 0 मध्ये दोन्ही अवयव एकदम शून्य असायला कुणाची हरकत नाही.

आता "आवश्यक" या शब्दाबद्दल. आपला f बहिर्वक्र आहे, बंधनं रेषीय आहेत, म्हणून अटी पाळणारा बिंदू मिळाला की काम झालं. त्या इथे पुरेशाही आहेत. पण हाच f कमाल करायला घेतला, म्हणजे −f किमान करायला, तर चित्र बदलतं. (0, 0), (0, 2) आणि (0, 1) हे तिन्ही बिंदू अटी पाळतात. पहिल्या दोघांवर f = 37. (0, 1) वर f = 36, λ4 = 12, बाकी गुणक शून्य, कागदोपत्री सगळं ठीक; पण y अक्षावर वर किंवा खाली जरा सरकलं तरी f वाढतं. तो कमाल बिंदू नाहीच.

दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे: खरा किमान बिंदू असूनही अटी न पाळणारा. x ची किमान किंमत काढा, जर y − x³ ≤ 0 आणि −y ≤ 0. x ऋण असूच शकत नाही, म्हणून उत्तर (0, 0). तिथे दोन्ही बंधनं सक्रिय, ग्रेडियंट (0, 1) आणि (0, −1), आणि ∇f = (1, 0). त्या दोन उभ्या सदिशांच्या कितीही पटी घ्या, आडवा (1, 0) कटणार नाही. दोष आपल्या गणिताचा नाही. बंधनांचे ग्रेडियंट तिथे एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि प्रदेशाचं टोक कसं निमुळतं होतंय हे त्यांना दिसत नाही. फ्रिट्झ जॉननं १९४८ मध्ये ∇f लाही एक गुणक लावला होता. इथे तो गुणक शून्य येतो आणि समीकरण जुळतं, पण मग त्यात f उरतच नाही. म्हणून बंधनं वाकडी असतील तेव्हा सक्रिय ग्रेडियंट रेषीय स्वतंत्र आहेत का, हे तपासायचं. ते स्वतंत्र असतील तर किमान बिंदूवर गुणक नक्की मिळतात. बंधनं सगळी रेषीय असतील तर ही तपासणी लागत नाही. (4, 0) ला आपण ती केली नाही ते त्यामुळे.

पुढच्या तासाला येताना याच प्रश्नात मुक्त बिंदू (2, 4) घेऊन सोडवून आणा. तो g1 आणि g2 दोन्ही मोडतो. सक्रिय कोण, हे लिहिताना प्रत्येक बाद शक्यतेपुढे ती कशामुळे गेली ते लिहा: बिंदू बाहेर पडला की गुणक ऋण आला.