विषय: १३ व १४ ऑक्टोबर रोजी दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत

आदरणीय सर,

मंगळवार, १३ ऑक्टोबर आणि बुधवार, १४ ऑक्टोबर अशी दोन दिवसांची रजा मला मंजूर करावी, ही विनंती. माझ्या खात्यावर शिल्लक असलेल्या अर्जित रजेतून ती धरावी.

व्हिसाच्या कामासाठी मला परगावी जावे लागणार आहे. मंगळवारी दुपारी बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची वेळ मिळाली आहे. बुधवारी सकाळी साडेआठला मुलाखत आहे. दोन्ही ठिकाणी स्वतः हजर राहावे लागते. ही तारीख सोडली तर पुढची कधी मिळेल याची खात्री नाही, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहीत आहे. सोमवारी पूर्ण वेळ काम करून रात्रीच्या गाडीने निघेन आणि गुरुवारी सकाळी नेहमीच्या वेळी कामावर येईन. बुधवारी आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत माझा फोन बंद असेल. नंतर मीच फोन करेन.

प्रवास वैयक्तिक आहे. कधी, किती दिवस, हे व्हिसा मिळाल्याशिवाय ठरणार नाही, म्हणून आज त्याविषयी अधिक काही लिहीत नाही. ठरल्यावर सर्वांत आधी तुम्हालाच सांगेन आणि त्या रजेचा अर्ज वेगळा, पुरेसा आधी करेन. तोपर्यंत ही बाब आपल्या दोघांतच राहावी, अशी मनापासून विनंती आहे. विभागाच्या कॅलेंडरवर नुसते ‘रजा’ एवढेच असू द्यावे. कामाच्या वाटणीपुरते स्नेहलला मी दोन दिवस नाही एवढे सांगितले आहे, कारण सांगितलेले नाही.

पुरवठादारांच्या ३४ बिलांपैकी २९ तपासून झाली आहेत. उरलेल्या ५ पैकी तीन मी सोमवारपर्यंत संपवते. दोन बिलांवर ऑर्डर क्रमांकच नाही. ती पुरवठादाराकडून दुरुस्त होऊन आल्याशिवाय पुढे पाठवू नयेत, असे मी फाईलवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. बुधवारचे पैसे पाठवण्याचे काम स्नेहल पाहील. मागच्या महिन्यात तिने ते एकदा माझ्यासोबत बसून केले आहे, त्यामुळे मला काळजी वाटत नाही. फक्त रकमेवर दुसरी सही लागेल तेव्हा ती तुमच्याकडे येईल.

आणखी एक. मुलाखतीला नोकरीचा दाखला सोबत असलेला बरा. हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि सध्या सेवेत असल्याचा उल्लेख एवढेच त्यात पुरे. प्रवासाचे कारण घालू नये. तुमची हरकत नसेल तर मनुष्यबळ विभागाकडे मी तसा अर्ज आजच देते. शुक्रवारपर्यंत दाखला हातात आला तर कागदपत्रांची फाईल एकदा नीट लावून घेता येईल.

रजेबाबत आपला निर्णय उद्यापर्यंत कळला तर तिकीट काढता येईल.

आपली विश्वासू,
रोहिणी
लेखा विभाग