विषय: गोदामात पाणी शिरून झालेल्या नुकसानीचा दावा, पॉलिसी क्र. 4417/2025/008263, घटना 22 जुलै 2025 रात्र

प्रति,
व्यवस्थापक, दावा विभाग

महोदय,

बुधवार, 23 जुलै रोजी सकाळी फोनवर दिलेल्या सूचनेनुसार (तक्रार क्र. 2307-1186) हा लेखी दावा पाठवत आहे. आमचे गोदाम इचलकरंजीत औद्योगिक वसाहतीत आहे. त्यात विक्रीसाठीचे ग्रे कापड आणि थोडे सूत असते. साठ्याचा विमा 70 लाख रुपयांचा असून 22 जुलैला संध्याकाळी गोदाम बंद करताना रजिस्टरप्रमाणे 68,40,000 रुपयांचा माल होता.

त्या रात्री मुसळधार पावसात वसाहतीमागचा नाला तुंबला आणि पाणी रस्त्यावरून शटरखालून आत आले. पहाटे पावणेपाचला वॉचमनने शटर उघडले तेव्हा आत वीतभर पाणी होते. त्याआधी पातळी 14 इंचांपर्यंत गेली होती. चारही भिंतींवर गाळाची रेघ एकाच उंचीवर आहे, आणि वरच्या थरातल्या ताग्यांवर पाण्याचा थेंबही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण असे दावे 'छप्पर गळत होते' या शेऱ्यावर अडतात हे इथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. पत्रे कोरडे आहेत, सर्वेअर साहेबांनी शिडी लावून खात्री करावी.

नुकसानीचा प्राथमिक अंदाज असा (खरेदी दराने, जीएसटी न धरता):

पूर्ण भिजलेले पॉपलिन व केंब्रिक, 212 तागे, 21,200 मीटर, दर 38 रु.: 8,05,600 रु.
दुसऱ्या थरातले, कडेने भिजलेले 96 तागे, 9,600 मीटर, किमतीत 40 टक्के घट: 1,45,920 रु.
सूत, 14 पोती, 700 किलो, दर 260 रु.: 1,82,000 रु.
घडी मशीनची मोटर व वजनकाटा: 27,700 रु.
पाणी उपसणे व गाळ काढणे: 22,000 रु.
एकूण: 11,83,220 रु.

भिजलेल्या मालाला काही किंमत आलीच, तर ती यातून वजा करावी. गोदामात एका यंत्रमागधारकाचे मजुरीचे 9 तागे होते, तेही भिजले, पण माल आमचा नसल्याने या दाव्यात धरलेले नाहीत. पूर्ण बाद होणाऱ्या मालावरचे इनपुट क्रेडिट आम्हाला उलटवावे लागेल. त्याचा आकडा सीए देतील, तो स्वतंत्र पाठवू.

आता तातडीची गोष्ट. ग्रे कापडाच्या ताण्याला सायझिंगची खळ असते आणि ओल्या खळीवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. आजच खालच्या ताग्यांच्या घडीत हात घातला तर उबारा लागतो आणि आंबूस वास येतो. दुसऱ्या थरातला माल वेळेत उलगडून वाळवला तर प्रोसेसवाला तो घेईल. उशीर झाला तर तोही पहिल्या रांगेत जाईल आणि दाव्याची रक्कम वाढेल. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर 'काही हलवू नका' असे सांगितले, म्हणून आम्ही फक्त पाणी काढले आहे. नुकसान वाढू न देणे ही आमचीही जबाबदारी असल्याने खालील विनंती आहे.

शुक्रवार, 25 जुलै रोजी दुपारपर्यंत सर्वेअर पाठवावा. ते शक्य नसेल तर त्याच दिवशी ईमेलने परवानगी द्यावी. आम्ही प्रत्येक ताग्याचा नंबर व मीटर लिहून, फोटो काढून माल वेगळा करू आणि पूर्ण भिजलेला माल पाहणीसाठी तसाच ठेवू. सर्वे अहवाल नेमणुकीपासून 15 दिवसांत आणि त्यानंतर 7 दिवसांत निर्णय मिळावा. अहवाल लांबणार असेल तर 5 लाख रुपये आगाऊ द्यावेत, कारण पॉपलिनच्या ऑर्डरी ऑगस्टमध्ये द्यायच्या आहेत आणि सूत नव्याने उचलावे लागेल. साठा बँकेकडे तारण असल्याने रक्कम पॉलिसीतील नोंदीप्रमाणे कॅश क्रेडिट खात्यातच जमा करावी. बँकेलाही आज कळवले आहे.

सोबत जोडले आहे: पॉलिसीची प्रत, 22 जुलैपर्यंतचे स्टॉक रजिस्टर, नुकसान झालेल्या मालाची खरेदी बिले, मजुरीच्या मालाची चलने, एप्रिल ते जूनची जीएसटी विवरणपत्रे, बँकेला दिलेले जूनअखेरचे स्टॉक स्टेटमेंट, ताग्यांची नंबरवार यादी, वेळेसह 64 फोटो व दोन व्हिडिओ (एकात भिंतीवरच्या रेघेला टेप लावून मोजले आहे), मोटर दुरुस्तीचे कोटेशन. तलाठ्यांचा पंचनामा आज झाला, प्रत सोमवारी मिळेल. हातकणंगले तहसीलकडे पर्जन्यमानाच्या दाखल्यासाठी अर्ज दिला आहे. हे दोन्ही कागद आले की लगेच पाठवतो, त्यासाठी पाहणी थांबवू नये.

गोदामाच्या चाव्या माझ्याकडे आहेत. सर्वेअर साहेबांनी निघण्याआधी तासभर फोन करावा, नंबर पॉलिसीवर नोंदवलेला आहे. दावा क्रमांक आणि सर्वेअरचे नाव याच ईमेलच्या उत्तरात कळवावे.

आपला,
सुनील पाटील
भागीदार, कापड व सूत विक्री
इचलकरंजी, 24 जुलै 2025