संतप्त ग्राहकाशी बोलताना: बँक हेल्पलाइनच्या नवीन कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम

हा अभ्यासक्रम पुणे केंद्रातील मराठी हेल्पलाइनवर रुजू झालेल्या बारा जणांच्या तुकडीसाठी असून तो पूर्ण केल्याशिवाय कोणालाही थेट कॉल दिला जाणार नाही. आवाज गोड ठेवण्याचा सराव येथे फारसा नाही. पैसे अडकलेल्या माणसाला गोड आवाजापेक्षा रक्कम, तारीख आणि तक्रार क्रमांक हवा असतो, असे गृहीत धरूनच पुढील सत्रे आखली आहेत.

पहिला दिवस, सकाळ: ऐकणे आणि नियम

ग्राहक बोलत असताना पहिले मिनिटभर त्याला अडवू नये. मात्र पूर्ण शांतताही ठेवू नये, कारण फोनवर शांतता म्हणजे कॉल कट झाला असे वाटून राग वाढतो. अधूनमधून “हो, ऐकतोय” किंवा “ऐकतेय” म्हणावे आणि रक्कम व तारीख लिहून घ्यावी. “शांत व्हा”, “सिस्टममध्ये तसं दिसत नाही” आणि “आमचा नियमच तसा आहे” ही तीन वाक्ये वर्ज्य आहेत. संबोधन “सर” किंवा “मॅडम” असावे. “काका”, “ताई” आपुलकीने म्हटले तरी चिडलेल्या माणसाला ती सलगी वाटू शकते.

यानंतर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा अभ्यास होईल. एटीएममधून रोकड न निघता खात्यातून रक्कम वजा झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत परत जमा व्हावी लागते आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई ग्राहकाने न मागता द्यावी लागते. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम तिच्या खात्यात पोहोचली नाही तर ही मुदत 1 दिवसाची आहे. हे आकडे तोंडपाठ हवेत.

पहिला दिवस, दुपार: रोल प्ले 1

ग्राहकाची भूमिका करणाऱ्यासाठी सूचना: तुम्ही साताऱ्याचे निवृत्त शिक्षक आहात. 4 तारखेला एटीएममधून 10,000 रुपये निघाले नाहीत, पण खात्यातून गेले. आज 12 तारीख असून हा तुमचा तिसरा कॉल आहे. नेमके उत्तर मिळेपर्यंत आवाज खाली आणू नका.

नमुना संवाद:

ग्राहक: दर वेळी नवीन माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगायचं! माझे पैसे खाल्लेत का तुम्ही?

कर्मचारी: सर, तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही, आधीच्या दोन्ही कॉलची नोंद माझ्यासमोर आहे. 4 तारखेचे 10,000 रुपये 9 तारखेपर्यंत परत यायला हवे होते, ते आलेले नाहीत. उशीर बँकेकडून झाला आहे.

ग्राहक: मग आता काय?

कर्मचारी: आजपर्यंत 3 दिवस उशीर झाला, त्याचे 300 रुपये तुम्हाला मिळायला हवेत आणि पैसे येईपर्यंत रोज 100 वाढतील. मी ही तक्रार आत्ता वरिष्ठांकडे पाठवतो. क्रमांक लिहून घेता का? उद्या 4 वाजता मी स्वतः फोन करेन.

येथे माफी एकदाही मागितलेली नाही, चूक मात्र मान्य केली आहे. या फरकावर गटात चर्चा घ्यावी. दिलेल्या वेळी उत्तर तयार नसले तरी फोन केलाच पाहिजे.

दुसरा दिवस, सकाळ: रोल प्ले 2

खात्यातून अनोळखी व्यवहाराने रक्कम गेलेली ग्राहक रडत, ओरडत फोन करते. येथे कालचा क्रम उलटा करायचा आहे: आधी कार्ड आणि यूपीआय बंद करावे, 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करण्यास सांगावे आणि मगच सविस्तर ऐकावे, कारण या कॉलमध्ये सहानुभूतीची दोन मिनिटेही महाग पडू शकतात. “पैसे नक्की परत मिळतील” असे आश्वासन देऊ नये. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर तिच्यावर जबाबदारी येत नाही. ओटीपी तिने स्वतः सांगितला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान तिच्यावर येऊ शकते. “ओटीपी का दिलात?” हा प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारणारा प्रशिक्षणार्थी हा रोल प्ले पुन्हा करेल.

दुसरा दिवस, दुपार: शिवीगाळ

आरडाओरडा सहन करायचा असतो, वैयक्तिक शिवीगाळ नाही. दोनदा स्पष्ट सूचना द्यावी, तिसऱ्या वेळी सांगून कॉल टीम लीडरकडे वळवावा आणि पाच मिनिटे जागेवरून उठावे. ही विश्रांती कामाच्या वेळेतच धरली जाते.

अभिप्राय तपासयादी

निरीक्षकाने प्रत्येक रोल प्लेनंतर “हो” किंवा “नाही” लिहावे आणि “नाही”समोर कर्मचाऱ्याचे नेमके वाक्य उतरवावे; “आत्मविश्वास कमी” असला शेरा चालणार नाही.

- पहिल्या मिनिटात ग्राहकाला मध्येच न तोडता बोलू दिले का?
- रक्कम आणि तारीख स्वतःहून उच्चारली का?
- होल्डवर ठेवण्यापूर्वी कारण आणि अंदाजे वेळ सांगितली का?
- तिन्ही वर्ज्य वाक्ये टाळली का?
- बँकेची चूक असताना ती स्पष्ट मान्य केली का?
- फसवणुकीच्या कॉलमध्ये कार्ड आणि यूपीआय सर्वांत आधी बंद केले का?
- तक्रार क्रमांक आणि पुढील फोनची वेळ दिली का?
- 30 दिवसांत तक्रार न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे विचारल्यावर न लपवता सांगितले का?

अभिप्राय देताना आधी प्रशिक्षणार्थीने स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकावे, मग ग्राहकाची भूमिका करणाऱ्याने राग कोणत्या वाक्याला उतरला आणि कोणत्या वाक्याला चढला ते सांगावे, आणि निरीक्षकाने शेवटी बोलावे. आठपैकी सात “हो” मिळवणाऱ्यास तिसऱ्या दिवसापासून टीम लीडरच्या शेजारी बसून थेट कॉल दिले जातील. फसवणुकीच्या प्रश्नाला “नाही” असेल तर इतर गुण विचारात घेतले जाणार नाहीत.