गच्चीवरचं खत आणि जादा भाजी : रहिवाशांसाठी सूचना

कुर्टी, फोंडा
१० ऑगस्ट २०२६

सर्व रहिवाशांस,

गच्चीवरच्या दुसऱ्या पिंपातलं खत तयार झालं आहे. भेंडी, दोडकी आणि काकडी आमच्या घरात संपण्यापलीकडे गेली आहेत. येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी ८ ते ९:३० या वेळेत दोन्हींचं वाटप गच्चीच्या दाराशी होईल. पैसे घेतले जाणार नाहीत, तेव्हा कृपया देऊही नका. पिशवी मात्र घरून आणा.

गुरुवारपासून श्रावण लागतोय. निम्म्याहून अधिक घरांत नुस्तं बंद होणार, म्हणजे भाजीला मागणी वाढणार आणि सालं-देठंही दुप्पट निघणार. म्हणूनच ही व्यवस्था आत्ताच नीट लावून घेऊ.

आधी भाजीचं. प्रत्येक घराला एक वाटा, साधारण एका वेळच्या भाजीपुरता. त्याआधी राखणदार आणि जिना झाडणाऱ्या बायांचे वाटे बाजूला निघतील. त्यावर चर्चा नको. ज्यांना गच्चीपर्यंत चढवत नाही त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत निरोप द्यावा, वाटा दारात येईल. भेंडी सांतइस्तेव्हची सात शिरांची आहे. लांब आणि फिकट हिरवी दिसते म्हणून जून समजू नका. टोक मोडून बघा, कट्कन तुटलं तर कोवळी. दोडकी आणि काकडी चिरताना जिभेवर एक तुकडा ठेवून पाहा. कडू लागलं तर ते फळ सरळ टाकून द्या. मीठ-गूळ घालून कडूपणा मारायच्या फंदात पडू नका, त्याने पोट बिघडतं. फवारणी फक्त कडुनिंबाच्या तेलाची होते, तरी भाजी धुऊनच घ्या.

झाडावरून परस्पर तोडू नका, ही कळकळीची विनंती. भेंडी ओढून काढली की देठाबरोबर खोडाची साल खाली सोलत जाते आणि पावसात तिथूनच कूज शिरते. ती कात्रीनेच कापावी लागते, तीही एक दिवसाआड. भोपळ्याची फुलं भज्यांसाठी नेणारं कुणीतरी आहे. न्या बापडे, पण लांब बारीक देठाची न्या. ज्या फुलाच्या मागे सुपारीएवढी गोटी दिसते ते मादी फूल. ते तोडलं तर भोपळा गेला. आणि सकाळी परागीकरण होऊ द्या, नऊनंतर या.

आता खताचं. हे खत तुमच्याच घरच्या ओल्या कचऱ्याचं आहे, तेव्हा ज्या घरांतून वेगळा केलेला कचरा येतो त्यांचा पहिला हक्क. उरलं तर बाकीच्यांना. दहा किलो कचऱ्यातून हाती जेमतेम दोन-अडीच किलो खत येतं, म्हणून एका घराला दोन किलोपेक्षा जास्त मिळणार नाही. दुकानातल्या खतासारखं ते चाळलेलं, एकसारखं नाही. मध्येच अंड्याच्या कवचाचा तुकडा किंवा आंब्याची बाठ निघेल. ती परत पिंपात टाकायला द्या. खत गोणपाटात किंवा तोंड उघड्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलंत तर दोन दिवसांत आंबूस वास येईल आणि बोल मला लागेल.

कुंडीत घालताना मूठ-दोन मुठी पुरे. वरची माती खुरप्याने सैल करा, खत खोडापासून चार बोटं लांब पसरा आणि मातीने झाका. सध्याच्या पावसात एकदम जास्त घातलं तर सगळं पाण्याबरोबर वाहून जातं, महिन्यातून एकदा थोडं घालणं बरं. नवी कुंडी भरत असाल तर तीन भाग मातीला एक भाग खत. आपली तांबडी माती पाणी प्याली की चिकट आणि वाळली की दगड होते, म्हणून त्यात नारळाच्या सोडणाचा भुसाही मिसळा.

कचरा देणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण तक्रारी सगळ्या इथूनच उगवतात. निळं पिंप चालू आहे, हिरवं बंद करून मुरत ठेवलंय. हिरव्यात काहीही टाकू नका. सालं, देठं, चहाचा चोथा, फुलं, अंड्याची कवचं चालतात. आमटी-रस्सा, तेलकट उरलंसुरलं आणि लोणचं नको. मीठ आणि तेल दोन्ही खताचं वाटोळं करतात. करवंटी कुजत नाही, ती नको. मासळीची डोकी, खवले, सुंगटांची सालं श्रावणानंतरही पिंपात नकोत. खत म्हणून ती वाईट नाहीत, माडाच्या बुंध्याशी खोल पुरली तर उत्तमच. पण गच्चीवर कावळे आणि मांजरं पिंपाचं झाकण उघडायला शिकतात. ज्यांच्या गावच्या घरी माड आहेत त्यांनी तिकडे न्यावं, बाकीच्यांनी पंचायतीच्या गाडीला द्यावं.

कचरा टाकल्यावर शेजारच्या गोणीतला सुका पाला त्याच्या दुप्पट पसरायचा. ही एवढी पायरी चुकली की पिंपात पाणी साचतं, हवा खेळत नाही आणि वास सुटतो. वास आला तर तो कचऱ्याचा दोष नसून पाला न घातल्याचा असतो. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातल्या फणसाचा-आंब्याचा पाला भरून ठेवलेला आहे, त्याच्या आता चारच गोणी उरल्यात. कुणाच्या ओळखीचा सुतार असेल तर साध्या लाकडाचा भुसा मिळवून द्या. प्लायवुडचा नको, त्यात डिंक असतो.

पिंपात करड्या जाड अळ्या वळवळताना दिसतील. घाबरून औषध मारू नका. त्या एका काळ्या माशीच्या अळ्या आहेत; कचरा फस्त करतात, चावत नाहीत आणि ती माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. चिलटं मात्र त्रास देतात, त्यांना उपाय पुन्हा तोच, वरून पाला.

चवथ १४ सप्टेंबरला आहे. माटोळीसाठी गच्चीवरचा चिबूड, काकडी, दोडकी हवी असल्यास ५ सप्टेंबरपर्यंत सांगा, तेवढी वेलावर राखून ठेवीन. विसर्जनानंतर निर्माल्य पिंपात घेऊ, पण हारातला दोरा, जरी, प्लास्टिक आणि पत्रीभोवतीचे रबर काढूनच आणा. मागच्या खेपेचं खत उपसताना त्यातून हातभर जरीचा गुंता निघाला होता. माटोळीची सुपारी आणि नारळ पिंपात टाकू नका.

पाऊस उतरला की तांबडी भाजी आणि मुळा पेरायचा आहे. बी जमवलेलं आहे. ज्यांना खिडकीतल्या कुंडीत पेरायचं असेल त्यांनी रविवारी चिमूटभर घेऊन जा. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या विटांवर वा स्टँडवर आहेत, खाली पाणी साचत नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी शंका असल्यास येऊन पाहावं.

रविवारी पावसाचा जोर असला तर वाटप तळमजल्यावर जिन्याखाली होईल, वेळ तीच. भाजी किंवा खत नको असलेल्यांनीही कळवावं, म्हणजे त्यांचा वाटा दुसऱ्या घरी जाईल. निरोप माझ्या दारावरच्या पाटीखालच्या वहीत लिहा किंवा संध्याकाळी ५ नंतर बेल वाजवा.

आपली,
ब विंग, फ्लॅट ४०२