उंदीर, वटवाघळे आणि दहा वर्षांची वाचक

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत शिकते. आम्ही फोंड्याला राहतो. वर्गातल्या मैत्रिणीकडून तिने ‘द अंडरलँड क्रॉनिकल्स’ या मालिकेतले पहिले पुस्तक आणले आणि चार दिवसांत संपवले. आता पुढची चारही हवीत म्हणून मागे लागली आहे. मैत्रिणीच्या घरी चौथे पुस्तक मी सहज चाळले, तर कोंडलेल्या उंदरांना विषारी वायूने मारल्याचा प्रसंग समोर आला. सगळी मालिका युद्धाची, मरणाची. सासूबाई म्हणतात, “रामायणात काय कमी मेले?” तेही खरेच. मुलगी तशी धीट आहे, पण धाकटा भाऊ दोन वर्षांचा, आणि नवरा जहाजावर; वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतो. रात्री आम्ही तिघेच. वाचू द्यावे का? की दोन वर्षे थांबवावे?
– एक आई, फोंडा

उत्तर : पहिले दोन भाग आता खुशाल वाचू द्या. तिसरा तुम्ही सोबत असताना. चौथा आणि पाचवा सहा महिने ते वर्षभर मागे ठेवा. ही पाच पुस्तके (२००३ ते २००७) एकाच वयाची नाहीत. पहिल्यात मुलगा पाताळात पडतो, साहस करतो, परत येतो. शेवटच्यात तोच मुलगा युद्धातून परतलेल्या सैनिकासारखा गप्प झालेला असतो. लेखिका सुझान कॉलिन्स यांचे वडील अमेरिकी हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आले होते. मुलांशी युद्धाबद्दल गोड बोलायचे नाही हे लेखिकेने मनाशी पक्के केलेले दिसते.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ विषारी वायूची नाही. धाकटा भाऊ आणि जहाजावरचे बाबा, ही आहे. या मालिकेचा नायक ग्रेगर अकरा वर्षांचा आहे, त्याला बूट्स नावाची दोन वर्षांची बहीण आहे, आणि त्याचे वडील अडीच वर्षांहून अधिक काळ बेपत्ता आहेत. म्हणजे तुमच्या मुलीला हे पुस्तक ‘दुसऱ्या जगाचे’ वाटणारच नाही. किती जण मेले हे मोजून काही कळत नाही. कोण मेले, आणि ते वाचणाऱ्याच्या घरातल्या कोणासारखे आहे, हे बघावे लागते.

आता एकेक भाग. शेवट सांगावे लागतील, पण ते तुमच्यासाठी आहेत, तिला सांगू नका.

पहिल्यात टिक नावाचे झुरळ बूट्सला वाचवताना मरते, आणि आपला वाटलेला हेन्री दगाबाज निघून मरतो. वडील मात्र सापडतात. हा भाग तिने पचवला आहे, चार दिवसांत संपवला म्हणजे आवडलाही. दुसऱ्यात बूट्स मेली असे ग्रेगरला बराच वेळ वाटत राहते. ती जिवंत असते. हे पुस्तक एका बैठकीत शेवटापर्यंत जाऊ द्या. रात्री साडेनऊला दिवा मालवून तिला नेमके त्या मधल्या पानांवर थांबवले, तर ती रात्रभर भावाच्या पाळण्याकडे बघत बसेल.

तिसऱ्यात साथ येते आणि ग्रेगरची आई आजारी पडते. शिवाय ती साथ शत्रूने नव्हे, माणसांनीच शस्त्र म्हणून तयार केलेली असते. ‘आपली माणसेही वाईट करतात’ हा धक्का दहा वर्षांच्या मुलीला शत्रू असलेल्या मोठ्या उंदरांपेक्षा मोठा बसतो, आणि तिने तो प्रश्न विचारला तर चांगलेच आहे.

चौथ्यात तो वायूचा प्रसंग. ज्वालामुखीच्या पायथ्याशी खड्ड्यात कोंडलेले छोट्या जातीचे उंदीर मरतात आणि ग्रेगर व त्याचे सोबती वरून बघतात, काही करू शकत नाहीत. मोठ्या वाचकाला इथे दुसऱ्या महायुद्धातले वायूचे कक्ष आठवतात. मुलीला तो इतिहास अजून ठाऊक नाही, तेव्हा तिच्यासाठी उरते फक्त असहाय बघणे. त्याच भागात थालिया हे लहानसे वटवाघूळही जाते. पाचव्यात ‘योद्धा मरेल’ असे भाकीत ग्रेगरला ऐकावे लागते, म्हणजे आपण मरणार या समजुतीने तो लढतो. तो वाचतो, पण त्याचा जिवाभावाचा साथी एरीज मरतो. शेवट समाधान देत नाही. पुस्तक मिटल्यावर दहा वर्षांची मुले इथेच सर्वांत जास्त अडकतात.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नरकासुर दरवर्षी पेटतो, अभिमन्यू कीर्तनात दरवेळी मरतो, आणि पोरे आरामात झोपतात. पण तिथे बुवा थांबून नामाचा गजर करतात, देवळात शंभर माणसे शेजारी असतात, आणि कथा आधीपासून माहीत असते. पुस्तक ती एकटी वाचते, शेवट ठाऊक नसताना. त्या गजराचे काम घरात कोणीतरी करायला हवे.

ते काम फार मोठे नाही. तिच्या आधी तुम्ही निदान शेवटची तीस-चाळीस पाने वाचा. अख्खे पुस्तक वाचायला वेळ नसेल तरी चालेल. वाचन दुपारी किंवा संध्याकाळी ठेवा, जेवणानंतर नको. पावसाळ्यात वीज गेली आणि घरात खरेच झुरळ निघाले की पहिल्या भागातली मैत्री विसरून भीतीच उरते. प्रकरण संपल्यावर “भीती वाटली का?” असे विचारू नका, दहा वर्षांची मुले “नाही” म्हणूनच मोकळी होतात. “ग्रेगरच्या जागी तू काय केले असतेस?” किंवा “तुला कोणाचा राग आला?” असे विचारा. उत्तरात ती बाबांचा किंवा भावाचा विषय काढेल. काढला तर पुस्तक बाजूला ठेवून त्याच विषयावर बोला.

थांबायची वेळ कशी ओळखायची? एखाद्या रात्री तुमच्याजवळ येऊन झोपली, तर त्यात काही नाही. पण सलग आठवडाभर झोप मोडत असेल, बाबांचा फोन एक दिवस चुकला तरी ती रडवेली होत असेल, किंवा भावाला एकटे सोडायला तयार नसेल, तर पुस्तक काही महिने कपाटात ठेवा. ‘बंदी’ हा शब्द वापरू नका. बंदी घातलेले पुस्तक मैत्रिणीच्या घरी पलंगाखाली वाचले जाते आणि मग बोलायला कोणीच नसते. “हे पुढच्या इयत्तेचे आहे” एवढे पुरते. मधल्या काळात वाचायला काहीतरी हातात द्या. पणजीला गेलात तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे तिला स्वतः निवडू द्या.

आणि चौथा भाग शक्यतो बाबा रजेवर घरी असताना काढा. तो त्यांनीच तिच्यासोबत वाचला तर आणखी बरे.