रूपालीस, शेवटच्या दिवसाआधी

रूपाली,

उद्या चार वाजता कॅन्टीनमध्ये समोसे, केक आणि भाषणं आहेत. तिथे मी दोन मिनिटं बोलेन आणि तेही धड बोलणार नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून आज लिहून ठेवतोय.

राजीनामा द्यायला आलीस तेव्हा आधी पाच मिनिटं तू रिजेक्शनच्या रिपोर्टबद्दलच बोलत होतीस. मग एकदम म्हणालीस, "सर, रागावू नका." रागावण्यासारखं काय होतं त्यात? चाकणला सप्लायर क्वालिटीचं काम, पगार जवळजवळ दीडपट, वर वेगवेगळे कारखाने आतून बघायला मिळणार. आपल्याकडे माझी खुर्ची रिकामी होईपर्यंत तुला वरची जागा नव्हती, आणि मी काही इतक्यात उठत नाही! एचआरने मला सांगितलं होतं की थोडं वाढवून देऊ, तिला थांबवून बघा. मी नाही म्हटलं. ही गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावी. तू नको होतीस असा त्याचा अर्थ नाही. चार पैसे वाढवून तुला आणखी दोन वर्षं त्याच टेबलावर बसवणं मला पटलं नाही.

एक जुनी बाकी आहे. त्या सेकंड शिफ्टला टेम्पो भरून उभा होता आणि तू फोन केलास की ३२ एच७ च्या बोअरमध्ये नो-गो आत जातोय. मी तुझ्यावरच ओरडलो, "गेज नीट धर, टेम्पो सोड." तू शांतपणे म्हणालीस, "सर, तुम्ही येऊन स्वतः घालून बघा, मग सोडू." पाथर्डी फाट्यावरून गाडी काढून रात्री साडेदहाला आलो, तर नो-गो बाजू लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट दोनदा दिला गेला होता. सहाशेतले एकेचाळीस पीस बाद निघाले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी "आपण वेळेत पकडलं" असं म्हणालो. आपण कुठलं, तू पकडलंस. मी तर सोडायला निघालो होतो. हे तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. उद्या म्हणणार आहे, तेव्हा लाजून खाली बघू नकोस.

प्लांटमध्ये दोघातिघांनी मला ऐकवलं, "देवरे साहेब, तुम्ही तयार केलेली पोरगी चालली." मी कसलं तयार केलं? दिंडोरीहून पहाटेची बस धरून फर्स्ट शिफ्टला वेळेवर पोचणारी मुलगी तयारच आलेली असते. मायक्रोमीटर कसा धरायचा ते मी दाखवलं. तो झिरो आहे का, हे प्रत्येक वेळी आधी तपासायची सवय तुझी स्वतःची. तेव्हा माझे उपकार वगैरे मनात ठेवू नकोस.

आता थोडं कामाचं. रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस, "मेल करतो" यावर विसंबू नकोस. पीएफ काढू नकोस, यूएएन तोच देऊन नव्या खात्यात ट्रान्स्फर करून घे. पैसे बघून मोह होतो, माझाही झाला होता, पहिल्या नोकरीचा सगळा पीएफ मी मोटारसायकलीत घातला. आणि तिकडे पहिले दोन महिने "आमच्या नाशिकला असं करायचो" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. मिसळीच्या बाबतीत मात्र जरूर म्हण, तिथे आपण बरोबरच आहोत.

सप्लायरकडे ऑडिटला जाशील तेव्हा समोर कुणीतरी घाबरलेला पोरगा फाइल घेऊन उभा असेल. त्याला खुर्ची दे. आपल्याकडे आलेल्या ऑडिटरने तुला तासभर उभं ठेवलं होतं, आठवतं ना?

रेफरन्सला माझं नाव बिनधास्त दे, इथून पुढच्या नोकरीसाठीही. फोन केलास तर आनंदच आहे, कामात राहून गेला तरी मी मनावर घेणार नाही. बाबांना माझा नमस्कार सांग. यंदा छाटणीच्या वेळी तू घरी नसशील याचं त्यांना जड जात असेल, पण परवा फोनवर तुझं सांगताना त्यांचा आवाज चांगला चढला होता.

गेजच्या कपाटाची किल्ली उद्या सुनीलकडे दे. ३२ च्या प्लग गेजचं कॅलिब्रेशन या महिन्यात आहे, तेवढं त्याला समोर उभं करून सांग. तुझ्या वहीत लिहिलेलं तो वाचणार नाही.

देवरे
क्वालिटी, अंबड प्लांट